चार पुरुषार्थ आणि घराचा हप्ता

"मी ४५ वर्षांची, एका शाळेत क्लार्क आहे. मिस्टर ४८ वर्षांचे, खासगी कंपनीत. त्यांच्या हातात महिन्याला ९५ हजार येतात, माझ्या २८ हजार. घराचा हप्ता ३४ हजार, अजून आठ वर्षं आहे. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वर्षाची फी १ लाख ६० हजार. सासूबाई आमच्याजवळ असतात. गेली दोन वर्षं हे एका आश्रमात जातात. आता म्हणतात, नोकरी सोडून तिथेच राहायचं आणि पीएफमधले दहा लाख आश्रमाला द्यायचे. गेल्या वर्षी प्रमोशन हुकल्यापासून ऑफिसचं नाव काढलं तरी चिडतात. मी हप्त्याचं विचारलं की म्हणतात, 'अर्थ आणि काम या खालच्या पायऱ्या, त्यांच्यावर धर्म, सगळ्यात वर मोक्ष. तू अजून खालीच अडकली आहेस.' मी गाण्याचा क्लास लावणार होते, तर म्हणाले, या वयात कामना वाढवू नयेत. माझा भाऊ म्हणतो, कौटिल्यानेच अर्थ सगळ्यात मोठा म्हटलाय. या चारांचा खरा क्रम काय? मी खालच्या पायरीवर आहे का? आणि त्यांना अडवलं तर मला पाप लागेल का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला सर्वांत जास्त छळत असणार. नाही, पाप लागत नाही. घरच्यांची सोय न लावता संन्यासाला निघालेल्या माणसाला दंड करावा, असं आपल्याच एका जुन्या ग्रंथात लिहिलेलं आहे. तिथे आपण पोहोचूच. आधी त्या पायऱ्यांकडे बघू, कारण तुमच्या घरातलं भांडण त्या चित्रावर उभं आहे आणि ते चित्र अपुरं आहे.

धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे चार शब्द आपण एका दमात म्हणतो, म्हणून ते एकाच रांगेतले वाटतात. जुन्या ग्रंथांत मात्र वारंवार भेटतो तो तिघांचा गट: धर्म, अर्थ आणि काम, म्हणजे त्रिवर्ग. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात हा वाद अगदी थोडक्यात मांडलाय. कुणी म्हणतात धर्म आणि अर्थ यांत कल्याण आहे, कुणी म्हणतात काम आणि अर्थ, कुणी एकटा धर्म, कुणी एकटा अर्थ. पुढे निर्णय दिलाय, 'त्रिवर्ग इति तु स्थितिः', म्हणजे तिघं मिळूनच कल्याण. मोक्ष या मंडळींना ठाऊक नव्हता असं मुळीच नाही. त्याच मनुस्मृतीचा सहावा अध्याय वानप्रस्थ आणि संन्यास यांनाच दिलेला आहे. पण मोक्षाची वाट ते वेगळी ठेवतात, तिच्या अटी वेगळ्या सांगतात. तिघांपैकी एकाला कमी लेखलं की आपण चौथ्याच्या जवळ गेलो, असा हिशेब त्यांनी कुठे मांडलेला नाही.

मग तुमच्या मिस्टरांची शिडी आली कुठून? ती त्यांनी मनाने रचलेली नाही, हे आधी मान्य करायला हवं. महाभारताच्या शांतिपर्वात एक सुंदर प्रसंग आहे, षड्गीता नावाचा. युद्ध संपलेलं आहे. शरपंजरी पडलेले भीष्म बोलता बोलता थांबतात, युधिष्ठिर घरी येतो आणि चारही भावांना आणि विदुराला विचारतो: धर्म, अर्थ आणि काम यांत मोठा कोण, मधला कोण, धाकटा कोण? पहिल्यांदा विदुर बोलतो, आणि तो नेमकं तुमच्या घरात ऐकू येतं तेच बोलतो. धर्म श्रेष्ठ, अर्थ मधला, काम सर्वांत खालचा. म्हणजे शिडी आहे, पण ते त्या बैठकीतलं एक मत आहे. ज्याने ते सांगितलं, तो विदुर आयुष्याचा बहुतेक काळ हस्तिनापूरच्या कारभारात राहिला, पांडव वनात असताना कुंती त्याच्या घरी राहिली, हेही विसरू नये.

त्यानंतर अर्जुन उठतो. तो म्हणतो, ही कर्मभूमी आहे. शेती, व्यापार, गुरं राखणं, कारागिरी यांवर इथे जग चालतं. अर्थ नसेल तर धर्मही होत नाही आणि कामही पुरा होत नाही. तो एवढंही म्हणतो की, जटा वाढवलेले, मुंडन केलेले, भगवी वस्त्रं नेसलेले लोकसुद्धा अर्थाच्या शोधात फिरताना दिसतात. नकुल आणि सहदेव मधली वाट काढतात: धर्माला धरून मिळवलेला अर्थच खरा, म्हणून आधी धर्म, मग अर्थ आणि शेवटी काम. भीमाचं बोलणं मला या सगळ्यांत धीट वाटतं. तो म्हणतो, ज्याला इच्छाच नाही तो अर्थही मागणार नाही आणि धर्मही करणार नाही. कंदमुळं खाऊन तप करणारे ऋषीसुद्धा कुठल्यातरी इच्छेनेच तपाला बसलेले असतात. आणि एवढं सांगून तो कामाची आरती ओवाळत बसत नाही. शेवटी म्हणतो, तिन्ही सारखेच सेवावेत, जो एकाचीच सेवा करतो तो माणूस कमी प्रतीचा.

सर्वांचं ऐकून युधिष्ठिर आपलं मत देतो, आणि ते मोक्षाच्या बाजूचं असतं. जो पापातही नाही आणि पुण्यातही नाही, ज्याला मातीचं ढेकूळ आणि सोनं सारखंच, तो सुखदुःखातून सुटतो असं तो म्हणतो. तुमच्या मिस्टरांना इथपर्यंतचं आवडेल. त्यांना या माणसाचं पुढचं आयुष्यही वाचायला सांगा. मोक्षाला कौल देणारा हा युधिष्ठिर दुसऱ्या दिवशी वनात निघून गेला नाही. तो परत भीष्मांकडे जाऊन प्रश्न विचारत बसला आणि पुढे ३६ वर्षं त्याने राज्य चालवलं. जेव्हा खरोखर निघाला, तेव्हा आधी परीक्षिताला हस्तिनापूरच्या गादीवर बसवलं, इंद्रप्रस्थ वज्र नावाच्या यादव राजपुत्राला दिलं, राज्याची देखरेख युयुत्सूवर सोपवली, सुभद्रेला नातवाकडे लक्ष द्यायला सांगितलं, परीक्षिताच्या शिक्षणासाठी कृपाचार्यांची योजना केली. मग वल्कलं नेसली. आणि द्रौपदी मागे राहिली नाही, बरोबर गेली. मोक्ष श्रेष्ठ मानणं आणि मोक्षासाठी आज घर सोडणं या दोन गोष्टींमध्ये या माणसाने ३६ वर्षं जाऊ दिली. तुमच्या घरात या दोन गोष्टी एकच समजल्या जातायत, आणि माझ्या मते खरी गफलत तिथेच आहे.

आता तुमच्या भावाचं बघू, कारण तेही अर्धंच सांगतात. 'अर्थ एव प्रधान इति कौटिल्यः' हे वाक्य खरं आहे. त्याच्या 'अर्थशास्त्र' या ग्रंथाच्या पहिल्या अधिकरणात, म्हणजे पहिल्या भागात आहे. पण त्याच्या लगेच आधी कौटिल्य काय म्हणतो? धर्म आणि अर्थ यांना धक्का न लावता कामाचं सेवन करावं, सुखावाचून राहू नये. किंवा तिन्ही सारखेच सेवावेत, कारण ते एकमेकांत गुंतलेले आहेत. यांतल्या एकाचाच अतिरेक केला तर तो स्वतःलाही पीडा देतो आणि इतर दोघांनाही. 'धर्माचा अतिरेक सोडून' अशी सवलत त्यात नाही. धर्माचाही अतिरेक झाला की तो धर्मालाच पीडतो, असं कौटिल्य सरळ म्हणतो. अर्थ प्रधान का, याचं कारणही तो देतो: धर्म आणि काम दोन्हींचं मूळ अर्थात आहे. आणि हे सगळं तो राजाला उद्देशून सांगतोय.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण क्रमाचा खरा नियम तिच्यातून उलगडतो. तो सर्वांत स्वच्छ मांडलाय कामसूत्रात. या ग्रंथाचं नाव ऐकून कुणी दचकेल, पण त्याच्या पहिल्याच वाक्यात धर्म, अर्थ आणि काम या तिघांना नमस्कार आहे आणि दुसरा अध्याय पूर्णपणे त्रिवर्गाचा आहे. ग्रंथाचा कर्ता वात्स्यायन म्हणतो, तिघं एकाच वेळी समोर आले तर आधीचा आधीचा जड: कामापेक्षा अर्थ, अर्थापेक्षा धर्म. पुढे लगेच अपवाद, राजासाठी मात्र अर्थ जड, कारण लोकांचं जगणं त्यावर अवलंबून आहे. म्हणजे हा क्रम टक्कर झाली तर कुणाला वाट द्यायची हे ठरवण्यासाठी आहे, आणि तो कुणाच्या खांद्यावर काय आहे यावर बदलतो. माणसांची प्रतवारी लावायला तो केलेलाच नाही. 'तू खालच्या पायरीवर' हे वाक्य या क्रमातून निघूच शकत नाही.

इथून पुढचं माझं मत आहे, शास्त्रवचन नव्हे. तीन माणसांचं अन्न, औषध आणि शिक्षण ज्याच्या पगारावर चालतं, त्याची स्थिती संन्याशापेक्षा त्या राजाच्या अधिक जवळ आहे. त्याच्यासाठी अर्थ हाच धर्माचा मोठा भाग होतो. वात्स्यायन अर्थाच्या व्याख्येत काय काय घालतो पाहा: विद्या, जमीन, सोनं, गुरं, धान्य, भांडीकुंडी, घरसामान, मित्र. यादीत पहिलं नाव विद्येचं आहे. तुमच्या मुलीची फी भरणं म्हणजे मायेत अडकणं असं ज्याला वाटतं, त्याने ही यादी वाचावी.

आता निघण्याच्या अटी. मनुस्मृती म्हणते, देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणं फेडून मग मन मोक्षाकडे लावावं, ती न फेडता मोक्षाच्या मागे लागणारा खाली जातो. गृहस्थाने वनात कधी जावं याची खूणही दिली आहे: अंगावर सुरकुत्या, केस पिकलेले आणि मुलाचं मूल डोळ्यांनी पाहिलेलं. तेही जाताना बायकोची सोय मुलांकडे लावून किंवा तिला बरोबर घेऊन. कौटिल्य त्याहून कडक आहे. अंगात ताकद असून बायको, मुलं, आईवडील, अल्पवयीन भाऊ, लग्न न झालेल्या किंवा विधवा बहिणी यांना जो पोसत नाही त्याला १२ पण, म्हणजे त्या काळची १२ नाणी, दंड, आणि बायकामुलांची तरतूद न करता संन्यास घेणाऱ्याला 'पूर्व साहसदंड', जो त्याच ग्रंथात ४८ ते ९६ पण सांगितलाय. दोन आकडे शेजारी ठेवून बघा. घरात राहून न पोसणाऱ्यापेक्षा संन्यासाच्या नावाने सोडून जाणाऱ्याला कित्येक पट जास्त दंड आहे.

उपनिषदांतही हेच दिसतं. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य ऋषी घर सोडायला निघतो तेव्हा पत्नी मैत्रेयीला पहिलं वाक्य कोणतं म्हणतो? मी आता इथून निघतोय, तुझा आणि तुझी सवत कात्यायनी हिचा वाटा ठरवून देतो. ब्रह्मज्ञानाचा तो प्रसिद्ध संवाद या वाटणीच्या बोलण्यातून सुरू होतो. मैत्रेयी वाटा बाजूला ठेवून अमृतत्वाचं विचारते ती तिची निवड. पण वाटा आधी समोर आला होता, नंतर तिने तो नको म्हटला.

आपल्याकडे तर ही गोष्ट घराघरात माहीत आहे. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत रुक्मिणीबाईंना मागे ठेवून काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. परंपरा सांगते, की घरी पत्नी आहे हे कळल्यावर त्यांच्या गुरूंनीच त्यांना आळंदीला परत पाठवलं. त्या परतण्याबद्दल आळंदीच्या लोकांनी या कुटुंबाचा जो छळ केला तो घोर अन्याय होता, आणि त्याचं समर्थन कुणी करू नये. पण गुरूंनी काय केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. शिष्याचा संन्यास खरा असेल, पण त्याची घरची बाजू अर्धी राहिली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या मठाच्या सोयीपेक्षा मोठी मानली.

तुमच्या मिस्टरांकडे याला एक भक्कम उत्तर आहे, ते मी लपवणार नाही. जाबाल उपनिषद म्हणतं, ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी निघावं, मग ब्रह्मचर्यातून, घरातून की वनातून हा प्रश्न नाही. हे वाक्य खरं आहे आणि संन्यासाच्या बाजूने बोलणारे ते शतकानुशतकं सांगत आलेत. पण त्यानेच प्रश्न अधिक अवघड होतो, कारण आता सगळं 'वैराग्य आलंय का' यावर येऊन ठेपतं. गीतेच्या अठराव्या अध्यायात यासाठी एक कसोटी आहे. कर्म दुःखाचं आहे म्हणून, शरीराला कष्ट होतात या भीतीने जो ते टाकतो, त्याचा त्याग राजस, आणि त्याला त्यागाचं फळ मिळत नाही. वाट्याला आलेलं कर्म मोहाने टाकणं याला तर तामस म्हटलंय. आणि सात्त्विक त्याग कोणता? कर्म चालू ठेवून आसक्ती आणि फळ सोडणं.

म्हणून प्रमोशनबद्दल तुम्ही जे ओझरतं लिहिलंय, ते मला पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटलं. हा अपमान अजून जळत असेल तर आश्रमाची ओढ कितपत त्यातून आलीय हे त्यांनी स्वतःशी तपासायला हवं. तुम्ही ते त्यांच्या तोंडावर फेकू नका, त्याने ते फक्त चिडतील. शांत वेळ पाहून एक प्रश्न विचारा: उद्या ती जागा देऊ केली, तर तुम्ही थांबाल का? ते क्षणभर जरी घुटमळले, तर हा थकवा आहे, आणि थकव्यावर वेगळे उपाय आहेत: बदली, दुसरी नोकरी, काही महिन्यांची रजा, मोकळेपणी एखाद्या समुपदेशकाशी बोलणं. दुसरी खूण घरातच दिसेल. शंकराचार्य वैराग्याची व्याख्या करताना इथल्या भोगांबरोबर परलोकातल्या फळांबद्दलही ओढ नसणं अशी अट घालतात. आश्रमात मिळणारा मान, पुढची जागा, देणगीदार म्हणून नाव यांची ओढ असेल तर ऑफिसातलीच इच्छा फक्त जागा बदलतेय. आणि साधना पक्की असेल तर ती आश्रमाच्या वातावरणाशिवाय, सोमवारी सकाळी, हप्त्याचा मेसेज आलेल्या दिवशीही चालेल. तीन-चार महिने त्यांनी रोज पहाटेचा एक तास घरीच द्यावा. त्या तासाला तुम्ही पूर्ण मान द्या, चहापाण्यासाठीही हाक मारू नका. त्यातून काय उरतं ते त्यांना स्वतःलाच कळेल. आणि हेही शक्य आहे की, ओढ खरी निघेल. तेव्हा ती खोटी ठरवण्यात तुमचंही नुकसान आहे.

देणगीबद्दल मी अगदी ठाम आहे. याज्ञवल्क्यस्मृती म्हणते, कुटुंबाला बाधा येणार नाही एवढंच आपल्या मालकीचं दान द्यावं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तर, आपली माणसं हालात असताना परक्यांना देणाऱ्याच्या दानाला धर्माची नुसती नक्कल म्हटलंय, सुरुवातीला मध आणि चवीला विष. आज ते दहा लाख देणं हा दानधर्म ठरत नाही. हप्ता फिटल्यावर, मुलगी मिळवती झाल्यावर जे उरेल त्यातून त्यांनी खुशाल द्यावं.

आता तुमचा हिशेब मांडू. घरखर्च आणि सासूबाईंची औषधं धरून मी महिन्याला ३८ हजार धरते, कमीजास्त असेल तर तुम्ही बदला. हप्ता ३४ हजार, फीचे महिन्याला साधारण १३ हजार. एकूण ८५ हजार. त्यांनी आज नोकरी सोडली तर तुमच्या पगारातून दर महिन्याला ५७ हजारांची तूट येते. कर्जाचा व्याजदर साडेआठ टक्क्यांच्या आसपास असेल तर आठ वर्षांच्या हप्त्यांमागे आज मुद्दल सुमारे साडेतेवीस लाख उरलंय. तुम्ही कर्जात सहकर्जदार असाल, बहुतेक पतीपत्नी असतात, तर त्यांनी हप्ता थांबवला की बँक तुमच्या दारात येईल. तुमचा कर्जकरार काढून ते आजच बघा. कंपनीचा आरोग्यविमा असेल तर तो नोकरीबरोबर जातो, आणि सासूबाईंच्या वयात नवी पॉलिसी महाग पडते, हेही त्या कागदावर लिहा.

हीच आकडेमोड अडीच वर्षं पुढे नेऊन बघा. मुलगी पदवी घेऊन बाहेर पडलेली, फी बंद. मुद्दल उतरून सुमारे अठरा लाखांवर आलेलं. त्यांच्या पीएफमध्ये तेवढी रक्कम तोवर जमत असेल, तर कर्ज एकरकमी फेडता येईल आणि हप्ताच संपेल. मग उरतो ३८ हजारांचा घरखर्च आणि तुमचे २८ हजार, म्हणजे तूट दहा हजारांची. दहा हजारांसाठी त्यांना अर्धवेळ काम, शिकवणी, सल्लागारी असं काही करता येतं, किंवा ते आठवड्यातले चार दिवस आश्रमात आणि तीन दिवस घरी राहू शकतात. आज अशक्य वाटणारी गोष्ट अडीच वर्षांनी कुणालाही न चिरडता होऊ शकते. पीएफ नेमका किती आहे आणि नोकरी सोडल्यावर पूर्ण रक्कम कधी हातात येते हे त्यांना ऑफिसातून लेखी आणायला सांगा, कारण सगळा बेत त्या आकड्यावर टेकलाय. समर्थांनी दासबोधात 'आधी प्रपंच करावा नेटका, मग घ्यावें परमार्थविवेका' म्हटलं, ते वाचून तुमचे मिस्टर मान डोलावत असतील तर नेटका म्हणजे किती, हे या कागदावर दिसेल.

एवढं करूनही ते उद्याच निघाले तर? तुम्ही त्यांना बांधून ठेवू शकत नाही, आणि ठेवूही नये. पण मुलीच्या आणि सासूबाईंच्या खर्चाची तरतूद मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि आजच्या कायद्यातही पत्नी, मुलं आणि आईवडील यांच्या निर्वाहाची तरतूद आहे. तुमच्या बाबतीत ती कशी लागू होते ते एखाद्या वकिलाकडून किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून समजून घ्या. भांडण म्हणून नको, माहिती म्हणून. सासूबाईंशीही बोला. त्या मुलाची आई आहेत, आणि कौटिल्याच्या त्या यादीत त्यांचंही नाव आहे.

एक मोकळेपणी सांगायला हवं. मी ज्या ग्रंथांचे दाखले दिले ते पुरुषांनी, पुरुषांसाठी, त्यातही वरच्या वर्णांच्या गृहस्थांसाठी आणि राजांसाठी लिहिलेले आहेत. घर सोडायला निघालेली बायको त्यांच्या डोळ्यांपुढे नाही, तिच्या इच्छेला त्यांत जागाही फार कमी आहे. म्हणून हे दाखले आज्ञा म्हणून घेऊ नका. तुमचे मिस्टर ज्या परंपरेच्या नावाने बोलतायत तीच परंपरा तुमच्या प्रश्नांना किती गंभीरपणे घेते, एवढ्यासाठी ते दिले. आणि मैत्रेयी आठवा. मोक्षाची ओढ एका बायकोलाही असू शकते, ती नवऱ्याला अडवून प्रश्न विचारू शकते आणि तो तिला उत्तर देतो. तुम्हाला आज ती ओढ नाही, हेही ठीकच आहे. कुणाच्या ओढीमागे फरफटत जायचं नसतं.

राहिला गाण्याचा क्लास. वात्स्यायनाने कामाची व्याख्या केली तेव्हा कान, त्वचा, डोळे, जीभ, नाक यांचं मनासकट आपापल्या विषयाकडे आनंदाने वळणं, अशी केली. कान पहिला. त्याच्या चौसष्ट कलांच्या यादीत पहिलं नाव 'गीत' आहे. कामामुळे अनर्थ होतात म्हणून तो टाळावा, असं म्हणणाऱ्यांना तो उत्तर देतो, की काम शरीर टिकवतो, म्हणून तो अन्नासारखाच आहे, आणि धर्म-अर्थाचं फळही तोच आहे. भिकारी येतील म्हणून कुणी चुलीवर भांडं चढवायचं सोडत नाही. वयाचंही त्याने सांगितलंय: बालपणी विद्या, तारुण्यात काम, म्हातारपणी धर्म आणि मोक्ष. पण पुढच्याच वाक्यात म्हणतो, आयुष्याचा भरवसा नाही, म्हणून जे जेव्हा जमेल तेव्हा ते करावं. तुमचे मिस्टर याच वाक्याचा आधार घेऊन ४८व्या वर्षी मोक्षाकडे निघू शकतात, तर तुम्ही त्याच आधारावर ४५व्या वर्षी सा लावायला बसू शकता.

क्लासची फी तुमच्या पगारातून भरा आणि तिचा आकडाही त्या कागदावर, घरखर्चाच्या ओळीखाली लिहा, लपवू नका. मग तो कागद घेऊन तुम्ही दोघं आश्रमाच्या प्रमुखांना भेटा. त्यांच्यासमोर कर्ज, मुलीचं वर्ष, सासूबाई आणि देणगी असं सगळं मांडा, आणि विचारा, की घरच्या संमतीशिवाय आणि या स्थितीत ते यांना ठेवून घेतील का. काय उत्तर येतं ते मला जरूर कळवा.